‘अ समरी’ हातात नाही, तोवर क्लेमच्या अर्जात काय मागायचं?

वाचकाचं पत्र

“डिसेंबरात गावच्या जत्रेला गेले होते. देवळाच्या खालच्या अंगाला रस्त्याकडेला स्कूटर लावली. दशावतार बघून पहाटे खाली उतरले तर गाडी नाही. त्याच दिवशी पोलिसांत गुन्हा नोंदवला, पण कंपनीला कळवायला नऊ दिवस गेले. आता चार महिने झाले. कंपनी म्हणते अनट्रेस रिपोर्ट आणा, मग बघू. पोलीस म्हणतात तपास चालू आहे. रिपोर्टशिवायच क्लेम मंजूर करा, असा कडक अर्ज द्यायचा विचार आहे. एक एजंट ‘रिपोर्ट मिळवून देतो’ म्हणतोय. दुसरी चावी घरात कुठे सापडत नाही, डुप्लिकेट करून देऊ का? पॉलिसीवर धरलेली गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, ५८ हजार आहे, बँकेचे २१ हजार अजून फेडायचेत.”

— बचत गटाचं काम करणारी एक वाचक, मालवण तालुका

उत्तर

ताई, अर्ज जरूर द्या. पण ‘रिपोर्टशिवायच पैसे द्या’ असा नको. मी एका विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे असा अर्ज पलीकडे कसा वाचला जातो ते माहीत आहे. टेबलावरचा माणूस पहिली ओळ वाचतो, ‘आपल्या अधिकारात नाही’ असं मनात म्हणतो आणि कागद फायलीला लावून टाकतो. तुमचं समाधान होतं की आपण खडसावलं, आणि फाईल आहे तिथेच राहते.

तुम्ही गृहीत धरलंय की कंपनी रिपोर्टची नुसती सबब सांगतेय आणि पोलीस मुद्दाम बसून राहिलेत. तसं असूही शकतं. पण आधी हा रिपोर्ट म्हणजे नेमकं काय ते बघू, कारण ठाण्यात ‘अनट्रेस’ हा शब्द बोलून तुमचं काम होणार नाही.

आपल्याकडे, म्हणजे जुन्या मुंबई पोलिसांच्या पद्धतीत, आरोपी मिळाला नाही किंवा खटला उभा राहत नाही अशा गुन्ह्याचा शेवट ‘समरी’ने होतो. तपास अधिकारी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अहवाल पाठवतो. ‘अ समरी’ म्हणजे गुन्हा खरा घडला, पण चोर आणि माल सापडला नाही. ‘ब समरी’ म्हणजे तक्रारच खोटी आणि कुहेतूने केलेली. ‘क समरी’ म्हणजे खरं-खोटं ठरत नाही, गैरसमजुतीतून तक्रार झाली असावी. विमा कंपनीला हवी असते ती कोर्टाने मंजूर केलेली ‘अ समरी’. पोलिसांनी ठाण्याच्या शिक्क्यावर ‘गाडी मिळून आली नाही’ असं पत्र दिलं तर ते उपयोगाचं असतं, पण तो अंतिम अहवाल नव्हे.

कंपनीच्या बाजूने बघितलं तर मागणी अगदीच वावगी नाही. चोरीच्या क्लेममध्ये ती पूर्ण गाडीचे पैसे देते आणि त्या दिवसापासून गाडीवरचा हक्क तिचा होतो. उद्या स्कूटर कुडाळच्या एखाद्या गॅरेजमागे सापडली तर ती कंपनीची. पोलिसांनीच तुमची तक्रार खरी मानली का, हे तिला समरीवरून कळतं. विमा नियामकाचं जून २०२४चं मास्टर सर्क्युलर सांगतं की कागदपत्रं नाहीत म्हणून कोणताही क्लेम नाकारायचा नाही. पण त्याच परिच्छेदात, कंपनीने गरजेनुसार कोणते कागद मागावेत याची यादी आहे, आणि त्या यादीत एफआयआरबरोबर अनट्रेस रिपोर्टही आहे. अर्धं वाक्य फोनवरून फिरतं, उरलेलं कोणी वाचत नाही. दोन्ही मिळून अर्थ असा की रिपोर्ट मागणं कंपनीच्या हक्कातलं आहे, पण तो आला नाही म्हणून तुम्हाला नकार देणं नाही.

तेव्हा खरी भीती पैसे उशिरा मिळण्याची नाही. भीती आहे ती फाईल गुपचूप ‘बंद’ होण्याची. ‘कागदपत्रं न मिळाल्याने क्लेम बंद करत आहोत’ असं पत्र किंवा नुसता मेसेज येतो, तो कुणाच्या लक्षात येत नाही, आणि आठ महिन्यांनी समरी घेऊन गेलं की कळतं, फाईलच नाही. नाकारलं नाही, नुसतं बंद केलं, अशी ही पळवाट. तुमच्या अर्जाचं पहिलं काम ती बुजवणं हे आहे.

दुसरं काम, रिपोर्टवर अवलंबून नसलेली सगळी कामं आताच उरकून घेणं. चोरीच्या क्लेममध्ये कंपनी तपासनीस नेमते. तो जागेवर येतो, तुमचा आणि शेजारपाजारचा जबाब घेतो, चाव्या घेतो, आरसी आणि लायसन्स बघतो, गाडीवर कर्ज आहे का ते तपासतो. यातल्या कशालाही समरी लागत नाही. तरीही ‘रिपोर्ट आला की सुरू करू’ असं सांगून हेच काम मागे ठेवलं जातं, आणि रिपोर्ट मिळाल्यावर आणखी दोन महिने त्यात जातात. जत्रेची रात्र कोणाला आठवते तोवरच जबाब झालेले बरे. चहाच्या टपरीवाल्याला चार महिन्यांनी आठवेल, वर्षाने नाही.

म्हणून अर्ज साधारण असा लिहा:

“विषय: दुचाकी चोरीचा क्लेम क्र. ….. ; अंतिम पोलीस अहवाल प्रलंबित असताना पुढील कार्यवाहीबाबत.

माझी स्कूटर दि. ….. रोजी चोरीस गेली. गुन्हा क्र. ….. दि. ….. रोजी ….. पोलीस ठाण्यात नोंद आहे. तपास चालू असल्याने अंतिम अहवाल अद्याप न्यायालयात गेलेला नाही. पोलिसांना दिलेल्या अर्जाची पोच सोबत जोडली आहे. विनंती की, (१) तपासनिसाची चौकशी व कागदपत्रांची छाननी आताच पूर्ण करावी. (२) अंतिम अहवालाखेरीज आणखी कोणते कागद बाकी आहेत ते एकदाच लेखी कळवावे. (३) अहवाल येईपर्यंत क्लेम बंद न करता प्रलंबित ठेवावा व तसे लेखी द्यावे. (४) एफआयआर, पोलिसांचे तपासाच्या सद्यस्थितीचे पत्र आणि माझे हमीपत्र यांवर, अहवाल नंतर सादर करण्याच्या अटीवर, क्लेम मंजूर करता येत असल्यास करावा. येत नसल्यास कारण लेखी कळवावे.”

चौथ्या मुद्द्यातच तुमची मूळ मागणी आहे, फक्त आता तिला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावं लागतं. काही कंपन्या नव्वद दिवस उलटल्यावर स्टॅम्प पेपरवरचं हमीपत्र घेऊन अशी मंजुरी देतात, काही देत नाहीत. त्यांना सक्ती करता येईल असा नियम नाही. पण ‘नाही’ कारणासहित लेखी मिळालं तर पुढे तक्रार करायला हातात काहीतरी असतं. मात्र हमीपत्रात काय लिहिलंय ते वाचूनच सही करा. गाडी सापडली तर ती कंपनीच्या ताब्यात देईन किंवा पैसे परत करीन, एवढं त्यात असणं रास्त आहे. ‘तपासात काही निघालं तर व्याजासह रक्कम परत’ असलं मोघम वाक्य दिसलं, तर ‘काही’ म्हणजे काय ते विचारा.

अर्ज ई-मेलने पाठवा आणि छापील प्रत शाखेत देऊन शिक्क्याची पोच घ्या. फोनवरचं बोलणं फायलीत राहत नाही.

आता पोलिसांकडे वळू. नवीन कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मध्ये असं आहे की तपास कुठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं आहे. तुमचे चार महिने झालेत, म्हणजे हे मागणं हक्काचं आहे. ‘रिपोर्ट कधी देणार’ असं विचारलंत की ‘तपास चालू आहे’ हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करा: ‘गुन्हा क्र. ….. च्या तपासाची सद्यस्थिती कलम १९३ (३) नुसार लेखी कळवावी. गाडी व आरोपी मिळून येत नसल्यास अ समरीचा अहवाल न्यायालयात पाठवण्याबाबत कार्यवाही व्हावी.’ खाली गाडीचा नंबर, इंजिन नंबर आणि चॅसी नंबर लिहा. हे पत्र तोंडी विचारण्यापेक्षा निराळं आहे, कारण त्याला आवक नंबर पडतो. महिनाभरात काही हललं नाही तर तीच प्रत उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना द्या. ठाण्यात दर सोमवारी जाऊन बसणं याने काम होत नाही. कागद हलतो तो कागदाने.

यात एक जागा अशी आहे जिथे खूप जणांचं काम अडकतं आणि त्यांना पत्ताही नसतो. समरी पोलिसांनी कोर्टात पाठवली म्हणजे मंजूर झाली असं नव्हे. कोर्ट फिर्यादीला नोटीस काढून विचारू शकतं, तुमची काही हरकत आहे का? माझ्या टेबलावर एकदा चिपळूणचा एक गृहस्थ आला होता. सात महिने ठाण्यात खेटे घालत होता. चौकशी केली तर समरी कधीच कोर्टात गेली होती, नोटीसही निघाली होती, पण ती त्याच्या जुन्या भाड्याच्या घरी, जिथला पत्ता एफआयआरमध्ये होता. तो तिथून कधीच निघून गेला होता. नोटीस परत, तारीख पुढे, आणि हा माणूस पोलिसांना शिव्या देतोय. तेव्हा तुमच्या एफआयआरमधला पत्ता तुमचाच आहे ना, माहेरचा की सासरचा, बघा. पोलिसांना विचारायचा प्रश्न ‘रिपोर्ट झाला का’ हा नसून ‘समरी कोर्टात कोणत्या तारखेला गेली, तिचा नंबर काय’ हा आहे. नंबर मिळाला की मालवणच्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात स्वतः जा. नोटीस असेल तर ‘समरी मंजूर करण्यास माझी हरकत नाही’ असं लेखी द्या, आणि मंजुरीनंतर नक्कल विभागात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. दोन प्रती घ्या. एक कंपनीला, एक तुमच्याकडे.

अ समरी मंजूर झाली म्हणजे तपासावर कायमचा पडदा पडला असं मात्र नाही, पुढे धागा मिळाला तर तो पुन्हा सुरू होऊ शकतो. त्यामुळे ‘मी समरी मागितली तर गाडी कोणी शोधणारच नाही’ अशी शंका मनात असेल तर ती सोडा.

एजंटाचा रिपोर्ट नको. असे कागद फिरतात. शिक्का हुबेहूब असतो, खाली सहीसारखं काहीतरी असतं. कंपनीचा तपासनीस तो कागद घेऊन कोर्टात किंवा ठाण्यात पडताळतो, हे त्याचं रोजचंच काम. आज तुमचा क्लेम उशिराचा आहे. तो कागद लावलात की फसवणुकीचा होईल, आणि वर तुमच्यावरच गुन्हा. एजंट तेव्हा फोन उचलणार नाही.

चावीचंही तसंच. बहुतेक पॉलिसींमध्ये दोन्ही चाव्या मागतात, आणि का मागतात ते सरळ आहे: एक चावी गाडीतच राहिली होती का, किंवा कुणाला दिली होती का? गाडीत चावी लावून ठेवली असेल तर ‘वाजवी काळजी घेतली नाही’ या अटीवर बोट ठेवलं जातं. आता तुम्ही बाजारातून नवी कापून दिलीत तर काय दिसेल? दोन वर्षांहून जास्त वापरलेल्या मूळ चावीच्या दात्यांवर झीज असते, कडा गुळगुळीत असतात, कंपनीने दिलेल्या चावीवर नंबरही असू शकतो. नवी चावी लखलखीत, तासल्याच्या खुणा ताज्या. तपासनिसाला भिंग लागत नाही. हरवलेल्या चावीने क्लेम हमखास बुडत नाही. बनवलेल्या चावीने तुमच्या बाकीच्या प्रत्येक शब्दावर संशय येतो. खरं ते प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या: शेवटची कधी पाहिली, कुठे ठेवायचा, घरात कोण वापरायचं. मुंबईला गेलेल्या भावाच्या बॅगेत, नणंदेच्या किल्ल्यांच्या जुडग्यात आधी एकदा शोधा. कोकणातल्या घरांत चावी हरवत नाही, ती मुंबईला जाते.

नऊ दिवसांच्या उशिराची धास्ती घेऊ नका. गुरशिंदर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २४ जानेवारी २०२० रोजी सांगितलं की एफआयआर लगेच केलेली असेल आणि चोरी खरी असेल, तर केवळ विमा कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही. तुमची फिर्याद त्याच दिवसाची आहे. उशिराचं कारण विचारलं तर जे खरं ते दोन ओळींत सांगा.

आणखी एक गोष्ट आज संध्याकाळीच करा: गाडीच्या नंबरावर नवीन ई-चलन आलंय का ते बघा. डिसेंबरनंतरच्या तारखेचं एखादं दिसलं तर ते भरू नका आणि लपवू तर मुळीच नका. त्याची छापील प्रत त्याच दिवशी पोलिसांना द्या, तो गाडीचा माग आहे. कंपनीचा तपासनीस ते बघणारच, तेव्हा तुम्ही आधी दाखवलेलं बरं. त्याचबरोबर ओरोसच्या आरटीओत चोरीची लेखी खबर द्या, म्हणजे गाडी परस्पर दुसऱ्याच्या नावावर जाणार नाही. ही पोचही फायलीत लागते.

आता पैशांचा हिशेब. चोरीत आयडीव्हीतून घसारा पुन्हा कापत नाहीत, तो आयडीव्ही ठरवतानाच धरलेला असतो. क्लेममधला जो भाग मालकाने स्वतः सोसायचा असतो, ती सक्तीची वजावट, दुचाकीला शंभर रुपये. म्हणजे ५८,००० मधून १०० वजा जाऊन ५७,९००. तुम्ही प्रीमियम वाचवायला ऐच्छिक वजावट घेतली असेल तर तीही जाईल, पॉलिसीवर बघा. गाडी बँकेकडे तारण असल्याने आधी बँकेचे २१,००० जातील, उरलेले सुमारे ३६,९०० तुमचे. तुम्ही हप्ते भरत राहिलात तर बँकेचा वाटा कमी आणि तुमचा जास्त होईल, एकूण रक्कम तीच. हप्ते थांबवले तर दंडव्याज चढेल आणि क्रेडिट स्कोअर बिघडेल, आणि क्लेम उशिरा मिळतोय हे कारण बँक ऐकत नाही. बँकेला चोरीची लेखी खबर आताच द्या. पुढे त्यांच्याकडून ना हरकत आणि तारण उतरवण्याचा फॉर्म ३५ लागेल.

हे सगळं करण्याआधी पॉलिसीचं पहिलं पान पुन्हा एकदा वाचा. सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा येतो, पण चोरीची भरपाई त्यात नसते. ती मिळते ‘ओन डॅमेज’ भागातून, आणि तो बहुतेकांचा वर्षावर्षाने संपतो. तुमच्याकडे आयडीव्हीचा आकडा छापलेला आहे, म्हणजे तो भाग कधीतरी होता हे नक्की. फक्त जत्रेच्या रात्री तो चालू होता ना, एवढी तारीख तपासा. नंतर संपला असेल तर काळजी नाही, हिशेब चोरीच्या दिवसाचा.

मध्येच स्कूटर सापडली तर? पैसे मिळण्याआधी सापडली तर चोरीचा क्लेम राहत नाही. कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन, म्हणजे सुपूर्दनाम्यावर, कोर्टातून गाडी ताब्यात घ्यावी लागते, आणि फुटलेलं, काढून नेलेलं काय ते दुरुस्तीच्या क्लेमात येतं. पोलिसांच्या पंचनाम्यात आरसे, बॅटरी, टायर, सीट कशाकशाची काय अवस्था आहे ते लिहिलं जातंय ना, तिथे उभं राहून बघा. गॅरेजवाल्याला दाखवण्याआधी कंपनीला फोन करा.

कंपनीने अर्जाला महिनाभरात उत्तर दिलं नाही, किंवा क्लेम बंद केला, तर आधी तिच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, सोबत नियामकाच्या bimabharosa.irdai.gov.in वर तक्रार नोंदवा. १५५२५५ या नंबरावर फोन करूनही ती घेतात. त्यानंतर विमा लोकपाल. तुमच्या पत्त्याला कोणतं कार्यालय लागू आहे ते पॉलिसीच्या कागदांत छापलेलं असतं. तिथे वकील लागत नाही आणि फीही नाही, पण कंपनीला लेखी तक्रार करून एक महिना वाट पाहिलेली असावी लागते. म्हणून मी पोचेचा एवढा आग्रह धरतोय. लोकपालाला पहिला कागद तोच हवा असतो.